बदलीसाठी विनंती अर्ज

काणकोण, 12 मार्च 2025

प्रति,
मा. शिक्षण संचालक,
शिक्षण संचालनालय, पर्वरी, गोवा.
(भागशिक्षणाधिकारी, काणकोण यांच्यामार्फत)

विषय: पेडणे तालुक्यात बदली मिळण्याबाबत.

महोदय,

मी काणकोण तालुक्यातील सरकारी प्राथमिक विद्यालयात मराठी माध्यमाची सहाय्यक शिक्षिका म्हणून गेली सात वर्षे कार्यरत आहे. गेल्या महिन्यात सादर केलेला माझा तीन पानी अर्ज अनावश्यक लांबला होता. त्याऐवजी हा अर्ज ग्राह्य धरावा, ही विनंती.

माझे घर पेडण्याला असून माझ्या सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात न्यावे लागते. पती जहाजावर नोकरीला असल्याने ही जबाबदारी माझ्यावरच आहे, आणि राज्याच्या दक्षिण टोकाहून उत्तर टोकाला मडगाव, पणजी व म्हापसा येथे बस बदलत शाळेच्या दिवशी वेळेवर पोहोचणे शक्य होत नसल्यामुळे मला वारंवार रजा घ्यावी लागते, ज्याचा परिणाम मुलांच्या अभ्यासावर होतो.

म्हणून येत्या शैक्षणिक वर्षापासून माझी बदली पेडणे तालुक्यातील मराठी माध्यमाच्या कोणत्याही सरकारी प्राथमिक विद्यालयात करावी. तेथे जागा रिक्त नसल्यास बार्देशातील कोलवाळ परिसरातील शाळाही मला चालेल. डायलिसिसच्या नोंदी व वैद्यकीय दाखला सोबत जोडला आहे.

माझ्या विनंतीचा विचार केल्याबद्दल, तसेच आजवर रजा मंजूर करताना कार्यालयाने दाखविलेल्या समजूतदारपणाबद्दल मी मनःपूर्वक आभारी आहे.

आपली विश्वासू,
सहाय्यक शिक्षिका