गुरुवारची गाडी

आम्ही कुणाच्या अध्यात नसतो, मध्यात नसतो. पारावर बसतो, एवढंच. आता पार एसटीच्या थांब्यासमोरच आहे, ह्याला आमचा काय इलाज? कोण चढलं, कोण उतरलं, पिशवी भरलेली की रिकामी, हे आपसूक दिसतं.

तर दत्तू गलाईवाल्याची सुनंदा दर गुरुवारी साडेआठच्या गाडीनं विट्याला जायला लागली. पहिल्या गुरुवारी आम्ही काहीच बोललो नाही. बाईमाणसाला दवाखाना असतो, बँक असते. दुसऱ्या गुरुवारी तिच्या पायात चपलेऐवजी बूट होते. पांढरे. साडीखाली. तेव्हा मात्र आम्ही एकमेकांकडं बघितलं.

आमच्या गावात निम्म्या घरांना वर्षभर कुलूप असतं. उरलेल्यांतला कर्ता गडी गलाईला. कुणी कोइमतूरला, कुणी कानपूरला, दत्तू त्रिचूरला. जुनं सोनं वितळवायचं, तेजाबात शुद्ध करायचं, छातीत तो धूर भरायचा आणि चैत्रात यात्रेला परराज्यातल्या नंबरची गाडी घेऊन यायचं. मागं राहिलेल्या बायकांवर लक्ष ठेवायचं काम आमच्याकडं असंच आलं. कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणी नको असंही म्हटलं नव्हतं.

चौथ्या गुरुवारी बापू खताची पोती आणायला विट्याला गेला आणि बघून आला. सुनंदा एका पांढऱ्या गाडीत, शेजारी परका माणूस.

आम्ही बापूला नीट विचारून घेतलं. माणूस किती वयाचा? चाळिशीचा. मिशी? होती. ती हसत होती? हसत नव्हती, पण तोंड लाल झालं होतं. लाल म्हणजे लाजेनं? ते काय सांगता येत न्हाई, बापू म्हणाला. गाडीच्या काचेवर तांबडं कायतरी रंगवलं होतं, तेवढं ध्यानात हाय. निवडणूक जवळ आलेली, म्हणजे पक्षाची खूण असणार. म्हणजे माणूस पुढारी. संध्याकाळपर्यंत त्याचा बंगलासुद्धा आम्ही बांधून दिला होता.

विहिरीवरच्या आमच्यातल्यांनी वेगळंच काढलं. ती गाडी तिचीच, दत्तूच्या पैशानं त्या माणसाच्या नावावर घेतलेली. म्हातारी सासू, काशीबाई, हे ऐकत धुणं पिळत होती. तिनं धुणं जरा जास्तच पिळलं म्हणे.

पाचव्या गुरुवारी सुनंदा गाडीतून उतरली ती सरळ पाराशी आली. डोईवरचा पदर तसाच, पायात तेच बूट.

"आबा, माझ्याबद्दल कोण काय बोलतंय?"

आबा तंबाखू मळत राहिले. "आमी कुटं काय बोललो, पोरी? गाव म्हणतंय."

"गावाचं नाव सांगा की मग. जाते इचारायला."

कुणी पिंपळाकडं बघितलं, कुणी मोबाइल काढला. ती थोडा वेळ उभी राहिली, आम्ही किती जण आहोत ते मोजावं तशी, आणि गेली. उद्धटपणा बघा. चुकीची नसती तर एवढी तणतणली असती का?

त्या रात्री दत्तूला सहा फोन गेले. कुणी कुणाला विचारून केले नव्हते. प्रत्येकाला वाटलं, आपणच सांगावं, दुसरं कोण सांगणार. दत्तूनं सहाही वेळा ऐकून घेतलं. मध्ये मध्ये खोकत होता. शेवटी "बरं" म्हणाला. एवढंच, "बरं." नवऱ्याचं रक्त असं थंड असतं, तिथं बायकोचं काय होणार!

तरी सहाव्या गुरुवारी ती गेलीच. पुढच्या आठवड्यात दत्तू आला. अंगावर मूठभर मांस नव्हतं. आम्ही दोन रात्री जागून कान दिला. भांडं आपटलं नाही, कुणी रडलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे तिघंही गेली, म्हातारीसकट. दाराला कुलूप. एवढ्या पहाटे का, ते तुम्हीच समजून घ्या.

गुरुवार सुने गेले. साडेआठच्या गाडीत बघण्यासारखं काही उरलं नाही.

यात्रेला गाड्या आल्या. पालखी निघायच्या आधी एक केरळ पासिंगची गाडी पारापाशी येऊन थांबली. दत्तू डाव्या सीटवर, मफलर गुंडाळून खोकत. काशीबाई मागं, मांडीवर नारळाची पिशवी. आणि चाकावर सुनंदा. पायात पांढरे बूट.

आम्ही बापूकडं वळलो. "बापू, त्या दिवशी ती गाडीत कुटल्या बाजूला बसलेली रं?"

"उजवीकडं. स्टेरिंगला."

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

"तुमी मिशी इचारली," बापू म्हणाला.

रस्त्यात आमच्या मोटरसायकली आडव्या लागल्या होत्या. तिनं हॉर्न वाजवला. आबा म्हणाले, एवढ्या लांबनं नवऱ्याला बसवून स्वतः चालवत आली, काय म्हणायचं ह्या बाईला. आम्ही काय म्हणायचं ते ठरवत होतो, तोवर तिनं दुसऱ्यांदा वाजवला.

आम्ही उठलो. गाड्या बाजूला घेतल्या.