घरात बोललं नाही, तरी बाहेर कुणीतरी बोलतंच

नमस्कार. पाऊस असूनही एवढे जण आलात, आणि त्यात वडीलमंडळीही बरीच दिसतायत, याचं बरं वाटलं. एरवी प्रगतिपुस्तक घ्यायला आयाच येतात. आजच्या विषयाला मात्र वडील हवेतच, कारण मी मुलग्यांबद्दलही बोलणार आहे.

पाचवी ते आठवीसाठी लैंगिक शिक्षणाचे तास सुरू होणार, अशी सूचना डायरीतून गेली आणि फोन सुरू झाले. एका पालकांनी सरळ विचारलं, "बाई, नको त्या वयात नको ते कशाला?" प्रश्न रास्त आहे आणि जुनाही आहे. २००७ मध्ये याच कारणावरून गदारोळ झाला आणि महाराष्ट्राने शाळांमधला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला. त्याच्याही कितीतरी आधी, १९२७ पासून, र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकातून हेच बोलत होते. त्यांच्यावर खटले झाले, आणि एका खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. म्हणजे हे काही परवा बाहेरून आलेलं खूळ नाही.

आता मुद्द्यावर येते. आपण मुलांना अनोळखी माणसाची भीती घालतो. चॉकलेट दिलं तर घेऊ नकोस, गाडीत बसू नकोस. ते सांगायलाच हवं. पण पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांची सरकारी आकडेवारी पाहिली, तर दहांतल्या नऊहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, शिकवणीवाले, व्हॅनवाले काका. शिक्षकसुद्धा, मी आमची जमात वगळत नाही. २००७ च्याच केंद्र सरकारच्या पाहणीत १३ राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांशी बोलले होते. त्यातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सांगितला, आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते.

असा माणूस झडप घालत नाही. तो आधी घरच्यांचा विश्वास मिळवतो. मुलाचे लाड करतो, मोबाईल खेळायला देतो, आईने नाही म्हटलेली वस्तू आणून देतो. मग एखादी छोटी गंमत, 'आपल्या दोघांतली'. स्पर्श हळूहळू पुढे सरकतो, आणि मूल बावरलं की वाक्य ठरलेलं असतं: आईला सांगितलंस तर ती तुलाच मारेल. हे वाक्य चालतं, कारण मुलाला ते खरं वाटतं. घरात त्या अवयवांचं नाव काढलं तरी डोळे वटारले जातात हे त्याने पाहिलेलं असतं. त्या माणसाचं कुलूप आपणच बनवून दिलेलं असतं, पालकहो.

म्हणून पाचवीत आम्ही अगदी साधं शिकवणार आहोत. शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं, जशी नाक-कान तशीच योनी आणि शिश्न. हसतील थोडी, दुसऱ्या तासाला हसू संपतं. 'काका माझ्या फुलाला हात लावतात' असं मूल म्हणालं, तर कामाच्या घाईतली आई 'बरं' म्हणून पुढे जाईल. खरं नाव घेऊन सांगितलं, तर ती हातातलं काम टाकून ऐकेल, पोलीस आणि डॉक्टरांनाही ते कळेल. मग खाजगी अवयव कोणते, डॉक्टर तपासतात तेव्हा आई-बाबा सोबत का असावेत, आणि स्पर्शाबद्दल कुणी 'गुपित ठेव' म्हटलं की तेच सगळ्यात आधी का सांगायचं. एक गोष्ट आवर्जून: कधी कधी तो स्पर्श मुलाला वाईट वाटत नाही, गुदगुल्यांसारखा वाटतो. त्यामुळे नुसतं 'गुड टच, बॅड टच' पुरत नाही. वाटलं काहीही असो, दोष मुलाचा नसतो, हे त्याला आधीपासून माहीत हवं.

सहावी-सातवीत मासिक पाळी, मुलींना आणि मुलग्यांनाही. पहिल्या पाळीला आपल्याला काहीतरी भयंकर आजार झाला असं समजून रडणारी मुलगी आजही असते. मुलग्यांचं तर त्याहून अवघड. झोपेत वीर्यस्खलन झालं की त्यांना वाटतं शक्ती चालली, आणि विचारायला कुणी नाही. एसटी स्टँडच्या भिंतीवर 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज' रंगवणाऱ्यांचा धंदा या गप्प बसण्यावर चालतो. आठवीत गर्भधारणा, संमती, कायदा आणि मोबाईल. फोटो मागणारा ऑनलाइन मित्र, एकदा पाठवलेल्या फोटोवरून मिळणाऱ्या धमक्या, पॉर्नमध्ये दिसतं ते खरं नातं का नाही. आठवीतल्या मुलाने हे पाहिलेलंच नसेल, असं मला वाटत नाही. बाकी पुनरुत्पादन दहावीच्या विज्ञानात आहेच, पण तोवर उशीर झालेला असतो.

'माहिती दिली की मुलं प्रयोग करतील' ही भीती मला फोनवर सगळ्यात जास्त ऐकू आली. युनेस्कोने जगभरातले अभ्यास तपासून २०१८ मध्ये सांगितलं, की अशा शिक्षणाने मुलं लवकर शरीरसंबंधांकडे वळत नाहीत. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०२४ च्या एका निकालात सर्वंकष लैंगिक शिक्षणाची गरज मांडली.

पण शाळेचा तास घरातल्या एका सवयीपुढे कोरडा पडतो. 'मोठ्यांचं ऐकावं' हे आपण इतकं ठासून सांगतो, की मुलाला नाही म्हणताच येत नाही. पाहुणे आले, 'काकांना पापा दे'. मूल मागे सरकतं आणि आपण ढकलतो. नका ढकलू. नमस्कार केला तरी पुरे.

आणि मुलाने काही सांगितलंच, तर पहिली पाच मिनिटं सांभाळा. 'तू तिथे गेलीसच का' हा प्रश्न तोंडातून निघू देऊ नका. 'सांगितलंस ते बरं केलंस, माझा विश्वास आहे' एवढं म्हणा. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. घटना ताजी असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला किंवा पोलिसांसाठी ११२ ला फोन करा. २०१२ च्या पोक्सो कायद्यात मुलाचा जबाब त्याच्या घरी, गणवेश न घातलेल्या पोलिसांनी नोंदवायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही आणि त्याचं नाव छापता येत नाही. गुन्हा ठाऊक असूनही न कळवणं हा गुन्हा आहे. घरातल्यांनी आपसात मिटवलं तरी, आणि बदनामीच्या भीतीने शाळेने दाबलं तरी. बदलापूरला लोक रेल्वे रुळांवर का उतरले, हे तुम्हाला माहीत आहे. आपल्या शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती आहे, तक्रारपेटी जिन्याखाली आहे. तिथे ती कुणाला दिसत नाही असं मीच मुख्याध्यापकांना सांगितलंय. ती आता पाण्याच्या टाकीजवळ येईल.

तासांचे तक्ते आणि चित्रं मागच्या टेबलावर ठेवली आहेत. चहा घेता घेता पानं उलटून बघा. जे खटकेल त्यावर पेन्सिलने खूण करा, नाव नको. शनिवारी सकाळी पहिला तास पाचवी 'अ'चा आहे. मागच्या बाकावर बसून ऐकायचं असेल त्या आईवडिलांसाठी दार उघडं आहे. आता प्रश्न विचारा. सुरुवात वडिलांकडून करू या.