सिकलसेल रुग्णांचे अनुभव: मुलाखत मार्गदर्शिका (चाचणी मुलाखतींनंतर दुरुस्त केलेली प्रत)

ही प्रत नागभीड आणि सिंदेवाही तालुक्यांत मुलाखती घेणाऱ्या आपल्या चौघांसाठी आहे. बोलायचं आहे ते एसएस, म्हणजे आजार असलेल्या, १८ वर्षांवरील माणसांशी. एएस वाहकांना या अभ्यासात घेतलेलं नाही. पण गावात दोघांनाही 'सिकलसेलवाला' म्हणतात, म्हणून बसण्याआधी कार्ड किंवा तपासणीचा कागद पाहून घ्या.

वेळ आणि जागा

मार्च-एप्रिलमध्ये माणसं पहाटे मोहफुलं वेचायला जातात आणि मे महिन्यात तेंदूपानं तोडायला. सकाळी गेलात तर घरात फक्त म्हातारी माणसं भेटतील, त्यामुळे दुपारी चारनंतर जा. रोवणीच्या दिवसांत मुलाखत ठेवायचीच नाही.

आशाताईंनी घर दाखवावं आणि परत जावं. त्या समोर बसल्या की औषधाबद्दलची सगळी उत्तरं 'रोज घेतो' अशीच येतात. यात त्यांचा काही दोष नाही. ज्यांच्या हातून गोळ्या मिळतात त्यांच्यासमोर 'नाही घेत' म्हणणं कोणालाही जड जातं.

सुरुवातीला म्हणायचं

"नमस्कार ताई (भाऊ, काकू, बाबा, वयाप्रमाणे). मी डॉक्टर नाही, सरकारी तपासणीलाही आलो नाही. सिकलसेल असताना घर, शेती, दवाखाना हे सगळं तुम्ही कसं निभावता, ते तुमच्याकडून शिकायला आलो आहे. यात बरोबर-चूक काही नाही. तासभर लागेल. एखादं सांगावंसं वाटलं नाही तर सांगू नका, मधेच थांबायचं असेल तर थांबू. त्यानं तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही. तुमचं आणि गावाचं नाव आम्ही कुठेच लिहिणार नाही. बोलणं रेकॉर्ड केलं तर चालेल का?"

सही येत नसेल तर अंगठा घ्या आणि आपल्या गटाबाहेरच्या साक्षीदाराची सही घ्या. रेकॉर्डिंगला नकार आला तर हाताने टिपणं घ्या. मन वळवायला जाऊ नका.

प्रश्न १. घर आणि काम

"घरी कोण कोण आहे? सध्या कोणतं काम चालू आहे?" इथे पाच मिनिटांहून जास्त वेळ देऊ नका.

प्रश्न २. आजार कळला तो काळ

"सिकलसेल आहे हे पहिल्यांदा कसं कळलं, ते सुरुवातीपासून सांगा."

पुढे विचारण्यासाठी: त्याआधी काय त्रास होत होता? घरच्यांना काय वाटलं होतं? पहिल्यांदा कोणाकडे नेलं, मग कुठे? तपासणी झाल्यावर काय सांगितलं, आणि त्यातलं तुम्हाला काय समजलं? बाहेरची बाधा, पुजारी, झाडपाला यांचा उल्लेख आला तर भुवया उंचावू नका. "तिथे काय केलं त्यांनी?" एवढंच विचारा.

प्रश्न ३. दुखण्याचा दिवस (मुलाखतीचा गाभा)

"शेवटचं जोरात दुखलं तो दिवस आठवा. सकाळी उठले तेव्हा काय करून राहिले होते? तिथून पुढे सांगा."

पहिल्या प्रतीत इथे असं लिहिलं होतं: 'आजाराचा तुमच्या दैनंदिन जीवनावर काय परिणाम झाला?' जानेवारीत मुख्य अभ्यासाबाहेरच्या गावांत आपण चार चाचणी मुलाखती घेतल्या. त्यातल्या तिघांचं उत्तर जवळपास एकच होतं: "काही नाही जी, बरं आहे." चौथ्या ताईंनीही तेच सांगितलं. मग मुलाखतकारानं सहज विचारलं, "रोवणीत कसं करता?" त्यावर त्या वीस मिनिटं बोलल्या. दिवसभर चिखलपाण्यात वाकून उभं राहायचं, वरून पाऊस, संध्याकाळी मांड्यांपासून कळा सुरू. दुसऱ्या दिवशी घरी राहावं तर मजुरी बुडते आणि जोडीच्या बायका म्हणतात, "हिचं तर नेहमीचंच." हे सगळं त्यांच्याकडे आधीपासून होतं, आपला प्रश्न तिथवर पोचत नव्हता. म्हणून हा प्रश्न आता एका दिवसावर आणि एका कामावर आणला आहे.

पुढे विचारण्यासाठी:
- कुठे दुखलं? हात लावून दाखवता का? (रेकॉर्डरसाठी जागेचं नाव तोंडाने म्हणा: "म्हणजे खुब्यात.")
- त्याआधीचे एक-दोन दिवस कसे गेले? थंडी, ऊन, पाणी कमी पिणं, ताप, दगदग ही कारणं आपण सुचवायची नाहीत. त्यांनी नाव घेतलं तरच पुढे जा.
- घरात सगळ्यात आधी कोणाला कळलं? त्यांनी काय केलं?
- दवाखान्यात जायचं की नाही, हे कोणी ठरवलं? कशानं गेलात? पोचल्यावर काय झालं?
- तिथल्या माणसांना तुमचं दुखणं खरं वाटलं का?

शेवटचा प्रश्न दुसऱ्या चाचणी मुलाखतीतून आला. एका तरुणानं सांगितलं की सूज नाही, जखम नाही, म्हणून इंजेक्शन मागितलं की सोंग समजतात. तो हे अगदी हळू आवाजात बोलला, आणि तेव्हा आपला माणूस पुढच्या प्रश्नाकडे निघून गेला. ती चूक पुन्हा होऊ देऊ नका. आवाज खाली गेला की थांबा, मनात दहापर्यंत मोजा. तरी ते गप्पच राहिले तर त्यांचाच शेवटचा शब्द परत म्हणा: "सोंग?"

'वेदना' हा शब्द प्रश्नांतून काढला आहे. लोक 'दुखते', 'ठणकते', 'हाडं फुटतेत' असं म्हणतात. त्यांनी वापरलेला शब्दच पुढे वापरा, आणि टंकलिखित करताना तो प्रमाण मराठीत बदलू नका.

प्रश्न ४. औषध

"रोजच्या गोळ्या-कॅप्सूलचं तुमचं कसं जमतं? बऱ्याच जणांना रोज घेणं जमत नाही." 'नियमित घेता का?' असं विचारायचं नाही, त्यात उत्तर आधीच दिलेलं असतं.

पुढे विचारण्यासाठी: हायड्रॉक्सीयुरिया कशासाठी आहे असं सांगितलं होतं? संपली की कुठून आणता? मधूनमधून रक्त तपासायला बोलावतात का? रक्त चढवायची वेळ आली तेव्हा ते कसं मिळालं?

प्रश्न ५. सवलती

कार्ड, दिव्यांग प्रमाणपत्र, एसटी प्रवास यांतलं काय मिळवायचा प्रयत्न केला आणि त्यात काय घडलं, एवढंच विचारा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, ही माहिती मुलाखत संपल्यावर द्या.

प्रश्न ६. लग्न आणि मुलंबाळं

हा प्रश्न आधी तिसरा होता. तिसऱ्या चाचणी मुलाखतीत एक अविवाहित मुलगी तो ऐकून रडली आणि नंतर काही बोलू शकली नाही. म्हणून तो शेवटी आणला आहे आणि थेट तिच्यावर न टाकता गावाबद्दल विचारला आहे:

"आपल्याकडे लग्न जुळवताना लोक सिकलसेलचं सांगतात का?"

त्यांनी स्वतःचं सांगायला सुरुवात केली तरच: "तुमच्या वेळी कसं झालं?" सासू किंवा नवरा जवळ असेल तर हा प्रश्न वगळा. 'आईकडून आला' असा दोष ऐकू आला तर मधेच दुरुस्त करू नका. रेकॉर्डर बंद केल्यावर शांतपणे सांगा की हा आजार आई आणि वडील दोघांकडून येतो, एकट्या आईकडून नाही.

शेवट

"मी विचारायला हवं होतं आणि विचारलं नाही, असं काही राहिलं का?" रेकॉर्डर लगेच बंद करू नका. दोन चाचणी मुलाखतींत सगळ्यात महत्त्वाचं बोलणं चहा आल्यावर झालं. बंद केल्यावर कोणी बोललं, तर ते वापरू का, हे वेगळं विचारा.

बोलताना ताप, छातीत दुखणं किंवा दम लागणं दिसलं तर मुलाखत तिथेच थांबवा, १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत सोबत राहा.

त्याच रात्री अर्धं पान लिहा: कोण जवळ होतं, कुठे गप्पा अडल्या, कोणता प्रश्न त्यांना कळला नाही. पहिल्या पाच मुलाखतींनंतर आपण चौघं बसून ही मार्गदर्शिका पुन्हा बदलू. जुन्या प्रती फेकू नका, प्रत्येकीवर तारीख टाकून ठेवा.