पीएच.डी. मार्गदर्शक बदलून मिळण्याबाबत अर्ज

सासवड, जि. पुणे
दि. 9 फेब्रुवारी 2026

प्रति,
मा. अधिष्ठाता,
विज्ञान व तंत्रज्ञान विद्याशाखा

मार्फत: मा. विभागप्रमुख, भूशास्त्र विभाग
प्रत: मा. उपकुलसचिव, पीएच.डी. विभाग

विषय: विद्यमान मार्गदर्शकांकडून सातत्याने सहकार्य मिळत नसल्याने मार्गदर्शक बदलून मिळण्याबाबत, आणि त्यासाठीची ना हरकत पत्राची अट शिथिल करण्याबाबत.

मा. महोदय,

मी सप्टेंबर 2023 पासून भूशास्त्र विभागात पूर्णवेळ पीएच.डी. करत आहे. ‘कऱ्हा नदीच्या वरच्या खोऱ्यातील बसाल्ट खडकात भूजलाचे हंगामी चढउतार आणि पुनर्भरण’ हा माझा मान्य विषय. कोर्सवर्क पूर्ण झाले आहे, संशोधन आराखड्याला मंजुरी मिळाली आहे आणि मला यूजीसीची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती आहे. क्षेत्रकाम पुरंदर तालुक्यात असल्याने वर्षातले बरेच महिने मी सासवडला खोली घेऊन राहते.

पहिले वर्षभर सरांचे मार्गदर्शन चांगले मिळाले, हे आधी नोंदवते. कोणत्या विहिरी निवडायच्या, डाइकच्या दोन्ही बाजूंची पाणीपातळी वेगवेगळी का मोजायची, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. त्यांच्या विद्वत्तेबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. मात्र 2025 च्या सुरुवातीपासून त्यांच्याकडे इतर प्रशासकीय जबाबदाऱ्या आल्या आणि तेव्हापासून माझे काम त्यांच्या टेबलाच्या पुढे सरकलेले नाही. फोन लागला तर ‘पुढच्या आठवड्यात बघू’ एवढेच ऐकायला मिळते आणि ई-मेलला उत्तर येत नाही. वेळ ठरवून भेटायला गेले, तर सर बाहेरगावी असल्याचे कार्यालयात गेल्यावर कळते. असे एखाद्या वेळी कोणाचेही होऊ शकते, म्हणून बरेच दिवस मी थांबले. आता वर्ष उलटून गेले आहे.

माझ्या विषयात उशिराचा अर्थ काय होतो, हे सविस्तर सांगणे गरजेचे आहे. बसाल्टमधल्या विहिरींची पातळी मोजण्याचे दोन महत्त्वाचे काळ असतात. एक पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात, पातळी सर्वांत खाली असताना, आणि दुसरा पावसाळा संपल्यावर. या दोन नोंदींमधल्या फरकावरून पुनर्भरणाचा हिशेब निघतो. मेची नोंद हुकली तर त्या वर्षाचा हिशेबच होत नाही. ती नंतर कितीही कष्ट घेतले तरी भरून काढता येत नाही.

मे 2025 मध्ये नेमके हेच झाले. ग्रामपंचायतींच्या सार्वजनिक विहिरींवर मोजणी करण्यासाठी, तसेच भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून त्यांच्या निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदी मिळवण्यासाठी मार्गदर्शकांच्या सहीचे पत्र लागते. पत्राचा मसुदा मी मार्चमध्येच दिला होता. सही मेच्या चौथ्या आठवड्यात मिळाली. त्या वर्षी पुणे जिल्ह्यात मेच्या उत्तरार्धातच जोरदार पाऊस झाला आणि मोसमी पाऊस 26 मे रोजी मुंबईपर्यंत पोहोचलाही. पत्र घेऊन मी गराड्याला पोहोचले तेव्हा विहिरींत पाणी चढू लागले होते. ज्या शेतकऱ्यांनी पत्राविना आपल्या खासगी विहिरींवर टेप सोडू दिली, त्यांच्यामुळे काही नोंदी हाती आहेत. सार्वजनिक विहिरींची संपूर्ण मालिका मात्र गेली.

दुसरा प्रसंग ऑक्टोबर 2025 चा. पाण्यातील नायट्रेट मोजायचे असेल तर नमुना थंड ठेवून 48 तासांच्या आत तपासावा लागतो, नाहीतर आकडा विश्वासार्ह राहत नाही. विद्यापीठाच्या उपकरण केंद्रात तपासणीसाठी मागणीपत्रावर मार्गदर्शकांची सही बंधनकारक आहे. नमुने घेण्याच्या दोन आठवडे आधी मी ते मागणीपत्र सरांच्या कार्यालयात दिले होते आणि त्याची पोच माझ्याकडे आहे. नमुने बर्फाच्या पेटीत घालून रात्रीच्या एसटीने विद्यापीठात आणले, तेव्हा मागणीपत्र सहीविना त्याच फायलीत होते. सर गावात नव्हते, आणि दुसऱ्या कोणाची सही चालणार नाही असे केंद्रातून सांगण्यात आले. मुदत संपल्यानंतर त्या बाटल्यांचा नायट्रेटसाठी काही उपयोग उरला नाही. ज्या गावांत उसाला आणि अंजिराला भरपूर खत पडते, तिथल्या पिण्याच्या विहिरींचे ते नमुने होते. तपासणीचा निकाल सांगेन असा शब्द मी तिथल्या बायांना दिला होता. त्यांना सांगायला माझ्याकडे आजही काही नाही.

प्रबंधाचे दुसरे प्रकरण मी ऑगस्ट 2025 मध्ये सरांना वाचायला दिले. डिसेंबरमध्ये विभागातल्या कपाटावर जर्नलांच्या गठ्ठ्याखाली ती प्रत मला सापडली. ‘पान 31 वरच्या आलेखाबद्दल आपले मत हवे’ अशी मी लावलेली पिवळी चिठ्ठी जागच्या जागी होती. आतल्या कोणत्याही पानावर पेन्सिलची खूणसुद्धा नव्हती.

नियमांच्या बाजूने पाहता सर्वांत गंभीर बाब संशोधन सल्लागार समितीची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या पीएच.डी. विनियमांनुसार विद्यार्थ्याने प्रत्येक सत्रात या समितीपुढे कामाची प्रगती मांडायची असते आणि समितीच्या शिफारशींची प्रत त्याला मिळायला हवी. समितीचे निमंत्रक मार्गदर्शकच असतात. त्यांनी बैठक बोलावली नाही तर विद्यार्थ्याच्या हातात काहीच राहत नाही. माझी शेवटची बैठक डिसेंबर 2024 मध्ये झाली. त्यानंतरची सत्रे बैठकीविना गेली, सहामाही प्रगती अहवाल सहीविना पडून आहेत आणि विद्यापीठाच्या दप्तरी मी ‘अहवाल सादर न केलेली विद्यार्थिनी’ ठरत आहे. अहवाल मी प्रत्येक वेळी मुदतीत दिले आहेत. त्यांच्या पोचा सोबत जोडल्या आहेत आणि ही नोंद दुरुस्त व्हावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

शिष्यवृत्तीवरही याचा परिणाम झाला आहे. दोन वर्षांनंतर कामाचे मूल्यमापन होऊन कनिष्ठची वरिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती होते, म्हणजे दरमहा 37,000 रुपयांऐवजी 42,000 रुपये मिळतात. माझे मूल्यमापन ऑक्टोबर 2025 मध्ये व्हायला हवे होते. बाह्य तज्ज्ञाचे नाव मार्गदर्शकांनी सुचवायचे असते, ते अजून गेलेले नाही. खोलीचे भाडे, पेट्रोल आणि नमुन्यांच्या बाटल्यांचा खर्च मी याच रकमेतून करते, त्यामुळे दरमहा 5,000 रुपयांची ही तूट माझ्यासाठी लहान नाही.

या अडचणी मी सप्टेंबर 2025 मध्ये मा. विभागप्रमुखांना लेखी कळवल्या होत्या. त्यांनी सरांशी बोलून मध्यस्थी केली, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. त्यानंतर एक भेट झाली. ‘दर पंधरवड्याला भेटू, दिवाळीआधी समितीची बैठक लावू’ असे सरांनी सांगितले. त्या भेटीचा वृत्तान्त मी त्याच दिवशी ई-मेलने दोघांनाही पाठवला होता. नायट्रेटच्या नमुन्यांचा वर सांगितलेला प्रसंग या आश्वासनानंतरचा आहे. समितीची बैठक आजवर झालेली नाही.

त्यानंतर मी मार्गदर्शक बदलाचा विहित नमुना मागवला. त्यात विद्यमान मार्गदर्शकांचे ना हरकत पत्र जोडणे सक्तीचे आहे. मी 5 जानेवारी रोजी सरांकडे ते रीतसर मागितले. होकार आला नाही, नकारही आला नाही. माझ्या मते ही अट दोघे संमतीने वेगळे होत असतील तिथे योग्य आहे. जिथे उत्तर न मिळणे हीच तक्रार आहे, तिथे ती पूर्ण करणे विद्यार्थ्याच्या हातात नसते. सबब माझ्या प्रकरणात ही अट शिथिल करून, सरांना खुलाशासाठी ठरावीक मुदत द्यावी आणि त्या मुदतीत उत्तर न आल्यास अर्जावर गुणवत्तेनुसार निर्णय घ्यावा, अशी विनंती करते. सरांची बाजू ऐकून घ्यावी, असे मला मनापासून वाटते. समोरासमोर बोलावले तर मी कागदपत्रांसह हजर राहीन.

विभागातील भूजल विषयाच्या सहयोगी प्राध्यापिका मला मार्गदर्शन करायला तयार आहेत. त्यांचे लेखी संमतीपत्र आणि मार्गदर्शक मान्यतेचे पत्र सोबत आहे. सहयोगी प्राध्यापकांना 2022 च्या विनियमांनुसार एका वेळी सहा विद्यार्थी घेता येतात, त्यांच्याकडे सध्या चार आहेत. त्यामुळे जागेची अडचण येणार नाही. विषय, आराखडा आणि नोंदणीची तारीख आहे तीच ठेवावी. नव्याने नोंदणी करायला लावली तर आजवर केलेले काम मोजले जाणार नाही आणि ज्या दिरंगाईला मी कारण नाही, तिची शिक्षा मलाच होईल. आतापर्यंतच्या मोजण्या माझ्या नावे माझ्याकडेच राहाव्यात. सरांच्या सुरुवातीच्या मार्गदर्शनाचा उल्लेख मी प्रबंधात आणि त्यावर आधारित लेखांत पूर्ण आदराने करीन.

संशोधन व मान्यता समितीच्या बैठकीपर्यंत काही आठवडे जातील, याची मला कल्पना आहे. तोवर मागणीपत्रे, क्षेत्रकामाची पत्रे आणि शिष्यवृत्तीच्या कागदांवर सही करण्याचे अधिकार मा. विभागप्रमुखांना द्यावेत, सल्लागार समितीची बैठक त्यांनी बोलवावी आणि वरिष्ठ शिष्यवृत्तीचे मूल्यमापन याच महिन्यात मार्गी लावावे. या अर्जामुळे विभागातील माझी जागा, प्रयोगशाळेची किल्ली किंवा उपकरणांचा वापर यांत अडथळा येऊ नये, एवढी काळजीही आपण घ्यावी. अशी भीती बोलून दाखवणे मला प्रशस्त वाटत नाही, पण असे अर्ज करणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या मनात ती असते, म्हणून स्पष्ट लिहिते.

विद्यार्थी तक्रार निवारणाचे 2023 चे विनियम आणि त्यांतील समिती व लोकपाल यांची तरतूद मला ठाऊक आहे. त्या समितीने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. हा प्रश्न विद्याशाखेच्या पातळीवर सुटावा, अशीच माझी इच्छा आहे, म्हणून प्रथम आपल्याकडे आले आहे. येथे निर्णय लांबला तर मात्र मला तिकडे दाद मागावी लागेल.

यंदाची उन्हाळी मोजणी मेच्या पहिल्या आठवड्यात सुरू करावी लागेल, आणि गेल्या वर्षीचा अनुभव पाहता त्याहून उशीर परवडणारा नाही. ग्रामपंचायतींना पत्रे एप्रिलच्या मध्यापर्यंत पोहोचायला हवीत. म्हणून 31 मार्च 2026 पूर्वी निर्णय कळवावा, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
स्वाती शिंगाडे
संशोधक विद्यार्थिनी, भूशास्त्र विभाग

सोबत: नोंदणीपत्र व आराखडा मंजुरीची प्रत, सहामाही प्रगती अहवाल व त्यांच्या पोचा, सरांना पाठवलेल्या ई-मेलच्या छापील प्रती, उपकरण केंद्राचे सहीविना राहिलेले मागणीपत्र व त्याची पोच, मा. विभागप्रमुखांना सप्टेंबर 2025 मध्ये दिलेले पत्र आणि भेटीचा वृत्तान्त. ना हरकत पत्राची मागणी, दि. 5 जानेवारी 2026. नियोजित मार्गदर्शकांचे संमतीपत्र व मान्यतापत्र.