वर्षभराची घरखर्च नोंदवही : छापून वापरायची पीडीएफ, ए४ आणि ए५ आकारात (किंमत १४९ रुपये)

दुधाचा रतीब, वाण्याची यादी, कामाला येणाऱ्या ताईंचे खाडे, भिशीचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स आणि दिवाळीचा फराळ या सगळ्यांचा हिशोब एका ठिकाणी आणि मराठीत लिहिता यावा, यासाठी ही नोंदवही तयार केली आहे. बाजारात मिळणारी बहुतेक प्लॅनर इंग्रजीत असतात आणि त्यांतील रकाने आपल्या घरातील खर्चाशी जुळत नाहीत. त्यामुळे चार पाने भरून झाल्यावर वही बाजूला पडते. या वहीतील प्रत्येक रकाना मराठी घरात प्रत्यक्ष होणाऱ्या खर्चावरून आखलेला आहे.

ही डिजिटल वस्तू आहे, म्हणून छापील वही टपालाने किंवा कुरिअरने येणार नाही, हे कृपया खरेदीपूर्वी लक्षात घ्यावे. पैसे भरल्यानंतर ऑर्डरच्या पानावर डाउनलोडचा दुवा दिसेल. तीच फाइल आपण घरच्या प्रिंटरवर किंवा जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून घ्यायची आहे.

वहीत काय आहे

एकूण पाने ६४ आहेत. पहिल्या २ पानांवर वर्षाचे ठरलेले देणे, म्हणजे विम्याचे हप्ते, शाळेची फी, घरपट्टी आणि कर्जाचे हप्ते, महिनावार मांडता येतात. त्यानंतर प्रत्येक महिन्यासाठी ४ याप्रमाणे १२ महिन्यांची ४८ पाने आहेत. महिन्याच्या पानांवर तारीख, वार किंवा वर्ष छापलेले नाही, त्यामुळे वही जानेवारीपासून, एप्रिलपासून किंवा अगदी पाडव्यापासूनही सुरू करता येते आणि पुढच्या वर्षी तीच फाइल पुन्हा छापता येते.

महिन्याच्या ४ पानांपैकी एक पूर्ण पान रोजच्या येण्या-जाण्याला दिले आहे, कारण हिशोब चुकतो तो मोठ्या खर्चात नव्हे तर इथेच. दुधासाठी ३१ दिवसांच्या ओळी असून सकाळ आणि संध्याकाळ असे दोन रकाने आहेत. मध्येच भाव वाढला तर नवा दर कोणत्या तारखेपासून लागू झाला, हे लिहायलाही जागा ठेवली आहे. वर्तमानपत्राच्या रकान्यात रविवारचा अंक वेगळा धरला आहे. घरकामाच्या ताईंचे खाडे, त्यांना दिलेली उचल आणि त्यातून वळती केलेली रक्कम एकाच ओळीत येते, जेणेकरून महिनाअखेरीस दोघींचाही हिशोब स्वच्छ राहावा. विजेसाठी मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि वापरलेली युनिट लिहिता येतात. गॅससाठी नोंदणीची आणि सिलिंडर घरी आल्याची तारीख लिहिता येते, त्यामुळे १४.२ किलोचे सिलिंडर आपल्या घरी किती दिवस पुरते, हे दोन-तीन महिन्यांत कळू लागते.

सणांच्या खर्चासाठी ६ पाने वेगळी आहेत. पगार आणि बिले इंग्रजी महिन्यांप्रमाणे येतात आणि सण मराठी महिन्यांप्रमाणे, म्हणून या पानांवर चैत्र ते फाल्गुन असा क्रम घेतला आहे. संक्रांतीचे वाण, गणपतीची सजावट आणि नैवेद्य, नवरात्र, दिवाळीचे कपडे आणि फराळ यांचा अंदाजे खर्च व प्रत्यक्ष खर्च समोरासमोर लिहिता येतो. अधिक मासासाठी स्वतंत्र जागा आहे. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता. अशा वर्षी जावयाचे वाण आणि दानधर्म यांचा खर्च वाढतो आणि पुढचे सणही इंग्रजी तारखांनी पुढे सरकतात, तेव्हा त्याची तरतूद आधीच दिसायला हवी.

उरलेल्या ८ पानांवर भिशी, उधार-उसनवार, औषधोपचार आणि उन्हाळ्यातील वर्षाची साठवण यांच्या नोंदी आहेत. साठवणीचे पान मला स्वतःला या वहीत सर्वांत मोलाचे वाटते. गहू, तांदूळ, तूरडाळ, मिरची, हळद, पापड, कुरडया आणि लोणचे यांपैकी किती घेतले किंवा केले, कोणत्या भावाने आणि ते कधी संपले, हे लिहून ठेवले की पुढच्या वर्षी अंदाजाने घ्यावे लागत नाही.

फाइलींचे स्वरूप

डाउनलोडमध्ये एक झिप फाइल मिळेल. तिचा आकार सुमारे ११ एमबी आहे. तिच्यात तीन पीडीएफ आहेत: `Gharkharch_A4.pdf` (२१० × २९७ मिमी), `Gharkharch_A5.pdf` (१४८ × २१० मिमी) आणि `Gharkharch_Pustika.pdf`. तिसऱ्या फाइलमध्ये ए४ कागद मध्ये दुमडून ए५ आकाराची पुस्तिका होईल, अशा क्रमाने पाने लावली आहेत. तिला फक्त १६ कागद लागतात, पण मध्यभागी पिन मारण्यासाठी लांब हाताचा स्टेपलर लागतो.

अक्षरांसाठी ‘मुक्ता’ हा टंक वापरला असून तो फाइलमध्येच समाविष्ट आहे, त्यामुळे कोणत्याही संगणकावर जोडाक्षरे तुटणार नाहीत. फाइलला पासवर्ड नाही. मात्र रकाने संगणकावर टाइप करून भरता येत नाहीत आणि बेरीज आपोआप होत नाही. ही वही हाताने लिहिण्यासाठीच आहे. टॅबलेटवर पीडीएफवर पेनने लिहिण्याची सोय असलेल्या अॅपमध्ये ती उघडता येईल.

छापताना

प्रिंटच्या खिडकीत `Fit` ऐवजी `Actual size` निवडावे, अन्यथा पान लहान होऊन रकाने अरुंद होतात. पाठपोट छापताना ए४ आणि ए५ फाइलसाठी `Flip on long edge` आणि पुस्तिकेसाठी `Flip on short edge` निवडावे. दुकानात छापत असाल तर आधी एकच कागद पाठपोट काढून पाहावा. बांधणीच्या बाजूला १८ मिमी समास सोडला आहे आणि पाठपोट पानांवर तो योग्य बाजूला येतो, म्हणून स्पायरल करताना अक्षरे कापली जात नाहीत. साधा ८० जीएसएम कागद चालतो. शाईच्या पेनने लिहिणाऱ्यांनी १०० जीएसएम घ्यावा. सर्व पाने कृष्णधवल असून कुठेही गडद पार्श्वभूमी नाही, कारण ती शाई खाते आणि तिच्यावर लिहिलेले वाचवत नाही.

वापराच्या मर्यादा

एका खरेदीत एका कुटुंबाला वैयक्तिक वापराचा परवाना मिळतो. एका चुलीवर जेवणारे सर्वजण एक कुटुंब, असा सोपा नियम मी ठेवला आहे. त्या घरासाठी वही कितीही वर्षे आणि कितीही वेळा छापता येईल. वेगळा संसार असलेल्या मुलाला किंवा लेकीला छापील, बांधलेली वही भेट द्यायला हरकत नाही. परंतु फाइल पाठवू नये.

ही फाइल किंवा तिची पाने व्हॉट्सअॅप व टेलिग्रामच्या गटांत टाकणे, सर्वांसाठी खुल्या ड्राइव्हवर ठेवणे, छापून विकणे, नाव काढून किंवा रकाने बदलून स्वतःची म्हणून देणे यांस परवानगी नाही. रचना आणि मजकूर यांचे हक्क कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार माझ्याकडे राखीव आहेत. दुकानात छापून घेतल्यावर तेथील संगणकावरील आणि फोनवरील प्रत पुसायला सांगावे. भरलेल्या एखाद्या पानाचा फोटो समाजमाध्यमावर जरूर टाकावा. बचत गटांसाठी २० सदस्यांपर्यंतचा स्वतंत्र परवाना ९०० रुपयांना उपलब्ध आहे.

डाउनलोड आणि परतावा

दुवा ३० दिवस चालतो आणि त्यावरून ५ वेळा फाइल उतरवता येते, म्हणून पहिल्याच दिवशी ती संगणकात आणि पेन ड्राइव्हवर जपून ठेवावी. डिजिटल वस्तू परत घेता येत नसल्याने मन बदलल्यास परतावा मिळत नाही. मात्र फाइल उघडत नसेल, पान गहाळ असेल किंवा छपाईत दोष येत असेल, तर खरेदीपासून १५ दिवसांत ऑर्डरच्या पानावरील ‘विक्रेत्याला लिहा’ येथे छापील पानाच्या फोटोसह कळवावे. दोष फाइलचा असेल तर दुरुस्त प्रत पाठवली जाईल आणि ती देता आली नाही तर पूर्ण रक्कम परत केली जाईल.