जर्मन नोकरी-करारातील कलम 3, 11 आणि 14 यांचे मराठी भाषांतर

करार: सर्व्हिस टेक्निशियन, स्टुटगार्ट. रुजू होण्याची तारीख 1 सप्टेंबर 2025. मासिक पगार 3,600 युरो, कर व विमा कापण्यापूर्वी. वाद झाल्यास मूळ जर्मन मजकूर ग्राह्य धरला जाईल. तुम्ही चाकणच्या नोकरीतले नियम मनात ठेवून वाचाल, म्हणून अर्थ जिथे निसटू शकतो तिथे टीप दिली आहे.

कलम 3. परिवीक्षा

पहिले सहा महिने, म्हणजे 28 फेब्रुवारी 2026 पर्यंत, परिवीक्षेचे राहतील. या काळात दोन्ही पक्षांना दोन आठवड्यांची नोटीस देऊन करार संपवता येईल. परिवीक्षा संपल्यावर नोकरी मुदतीविना पुढे चालू राहील.

टीप: आपल्याकडे 'कन्फर्मेशन लेटर'ची वाट पाहतात. इथे तसे पत्र येणार नाही आणि त्याची गरजही नाही. नोटीस 28 फेब्रुवारीला, अगदी शेवटच्या दिवशी हातात पडली तरी ती दोन आठवड्यांचीच धरली जाते आणि नोकरी 14 मार्चला संपते. सहा महिने उलटले की दहापेक्षा जास्त कामगार असलेल्या कंपनीला काढण्यासाठी कायद्यात बसणारे कारण लागते. ते पटले नाही, तर नोटीस मिळाल्यापासून तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात दावा दाखल करावा लागतो. ही मुदत चुकवू नका.

कलम 11. नोटीस

(1) परिवीक्षेनंतर नोटीसची मुदत चार आठवडे राहील आणि नोकरी महिन्याच्या 15 तारखेला किंवा अखेरीस संपेल.

(2) सेवेच्या वर्षांनुसार कंपनीसाठी कायद्याने वाढणारी मुदत कर्मचाऱ्यालाही लागू राहील.

(3) नोटीस कागदावर, स्वहस्ते सही करून द्यावी. इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिलेली नोटीस ग्राह्य नाही.

टीप: तिसऱ्या पोटकलमात मूळ शब्द 'लेखी' एवढाच आहे. मी मुद्दाम 'कागदावर, स्वहस्ते सही करून' असे लिहिले, कारण आपल्याकडे ई-मेललाही लोक लेखी म्हणतात. जर्मन कायद्यात ई-मेलने किंवा व्हॉट्सॲपवर दिलेला राजीनामा म्हणजे राजीनामाच नव्हे, आणि कंपनीने तसे काढले तर तेही काढणे नव्हे. मुदत मोजतात ती पत्र पोहोचल्याच्या दिवसापासून: 30 जूनला मोकळे व्हायचे तर पत्र 2 जूनपर्यंत पोहोचायला हवे. 3 जूनला पोहोचले तर 15 जुलै.

दुसरे पोटकलम मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. कंपनीची मुदत दोन वर्षांनी एक महिना, पाच वर्षांनी दोन महिने, आठ वर्षांनी तीन महिने होते, तीही महिनाअखेरपर्यंत. या वाक्यामुळे तुम्हीही तितकेच बांधले जाता. पगार भरून नोटीस सोडवण्याची सोय या करारात नाही. लवकर सुटायचे तर दोघांच्या सहीचा वेगळा करार लागेल.

कलम 14. नोकरीनंतरची स्पर्धाबंदी

(1) नोकरी संपल्यापासून बारा महिने कर्मचारी जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंडमध्ये पॅकेजिंग मशीन बनवणाऱ्या वा दुरुस्त करणाऱ्या स्पर्धक कंपनीसाठी काम करणार नाही.

(2) या काळासाठी कंपनी दरमहा निर्बंध-मोबदला देईल. तो शेवटच्या कराराप्रमाणे मिळणाऱ्या एकूण मोबदल्याच्या निम्मा राहील.

(3) प्रत्येक उल्लंघनासाठी कर्मचारी एका महिन्याच्या एकूण पगाराइतका दंड देईल.

(4) या कलमाची कंपनीच्या सहीची प्रत कर्मचाऱ्याला देण्यात येईल.

टीप: 'निर्बंध-मोबदला' हा शब्द मी घडवला. 'भरपाई' लिहिले असते तर नुकसान झाल्यावरच पैसे मिळतात असे वाटले असते. हे पैसे तुम्ही बंदी पाळता म्हणून मिळतात. आजच्या मासिक पगारावर ते 1,800 युरो होतात. नव्या नोकरीचा पगार धरून बेरीज 3,960 युरोच्या वर गेली, तर वरचा भाग कापला जातो. बंदीमुळे घर हलवावे लागले असेल तर ही मर्यादा 4,500 युरो असते.

भारतात 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 मुळे नोकरीनंतरची अशी बंदी सहसा टिकत नाही, म्हणून आपली माणसे हे कलम न वाचताच सही करतात. जर्मनीत मोबदल्यासकटची बंदी खरोखर बजावली जाते. मात्र मोबदल्याचे वचनच नसेल तर बंदी रद्दबातल ठरते. नोकरी चालू असताना कंपनी बंदी लेखी सोडू शकते. मग तुम्ही लगेच मोकळे होता, पण त्या तारखेपासून वर्षभर मोबदल्याची जबाबदारी कंपनीवर राहते. पुण्यात परतून त्याच क्षेत्रात काम केले तर पहिले पोटकलम आड येत नाही, फक्त ते काम या तीन देशांतले नसावे.

सही करण्याआधी 'पॅकेजिंग मशीन' म्हणजे नेमकी कोणती, हे कंपनीला विचारून करारातच लिहून घ्या. मूळ शब्द इतका सैल आहे की बाटल्या भरणारे मशीनही त्यात ओढता येईल, आणि तुमचा सगळा अनुभव त्याच मशीनवरचा आहे.