मृणाल, शनिवारच्या प्रॅक्टिस सेशनचं असेसमेंट

मृणाल, शनिवारी ठाण्याच्या सेंटरवर तुझं जे काउन्सेलिंगचं रोल-प्ले सेशन झालं त्याचं रेकॉर्डिंग ऐकलं, काही तुकडे परत परत लावून ऐकले, आणि फॉर्मवर नुसते आकडे टाकून पाठवण्यापेक्षा सविस्तर लिहिते कारण आकड्यांवरून तुला काहीच कळणार नाही. तरी आधी आकडेच सांगून टाकते म्हणजे तू खाली स्क्रोल करत बसणार नाहीस. पाचपैकी ऐकणं 3, प्रश्न 2, एम्पथी 3, बाउंड्री 2. खऱ्या क्लायंटबरोबर बसायला अजून एक रोल-प्ले पास करावा लागेल. नाराज होऊ नकोस, पुढे वाच.

केस तुला लक्षात आहेच पण रेकॉर्डला राहू दे. 38 वर्षांची बाई, वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात अकाउंट्सला, राहते कोपरखैरण्याला, नवऱ्याची नोकरी गेलीये आणि सासऱ्यांना ते अजून सांगितलेलं नाही, म्हणून नवरा रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडतो. तुझ्या बॅचमेटने रोल फारच छान केला, मध्ये मध्ये मलाच विसरायला झालं की हे खोटं आहे.

सुरुवात चांगली होती. घाई नाही, सेशन किती वेळाचं, रेकॉर्डिंग कशासाठी, ते कोण ऐकणार, सगळं साध्या मराठीत सांगितलंस आणि तिने होकार दिल्यावरच पुढे गेलीस. फक्त "इथलं काहीच बाहेर जाणार नाही" असं सरसकट बोललीस, ते चुकीचं आहे. तिच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर आपल्याला गप्प बसता येत नाही, आणि तुझी केस सुपरविजनला माझ्याकडे येतेच. हे आधी सांगितलं नाही आणि नंतर वेळ आली तर तिला फसवल्यासारखं वाटेल.

आता अकराव्या मिनिटाला ये, माझ्या मते अख्खं सेशन तिथेच आहे. ती म्हणते, "मागच्या आठवड्यात ठाण्याहून गाडी पकडली, कोपरखैरणे आलं, पण मी उतरलेच नाही. पनवेलपर्यंत गेले." आणि थांबते. तू विचारतेस, "मग परत कशी आलात? उशीर झाला असेल ना?" ती म्हणते, "हो, साडेनऊ झाले." संपलं. त्यानंतर चार मिनिटं सासरे जेवायला थांबले होते का, घरी काय सांगितलं, हेच चाललंय.

बाई तुला सांगत होती की तिला घरी जावंसंच वाटलं नाही, आणि तू टाइमटेबल विचारलंस. तिथे प्रश्नच नको होता गं. "उतरलाच नाहीत..." एवढं म्हणून गप्प बसायचं. तुझ्या सेशनमध्ये शांतता दोन-तीन सेकंदांच्या वर टिकतच नाही, तुला ती भरून काढायची घाई होते, आणि तुझे निम्मे प्रश्न त्या घाईतून आलेत असं मला वाटतं. प्रश्न विचारायचाच असेल तर "गाडीत बसून राहिलात तेव्हा मनात काय चाललं होतं?" हा विचार.

आणि ह्याच्या पुढचा प्रश्न जो तू विचारलाच नाहीस. थोड्या वेळाने ती म्हणाली, "कधी कधी वाटतं आपण नसलो तरी ह्यांचं चालेल." तू लगेच म्हणालीस, "असं नाही हं बोलायचं, तुमची मुलगी आहे ना." मृणाल, इथे थेट विचारायचं असतं: "नसलो तर म्हणजे, मरून जावं, स्वतःला काही करून घ्यावं असे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला जागा मिळते. "असं नाही बोलायचं" म्हटल्यावर ती खरंच बोलली नाही, ऐकून बघ, पुढची दहा मिनिटं ती फक्त हो-नाही करतेय. प्रश्नांना 2 दिलेत ते मुख्यतः ह्याच्यासाठी. लीडिंग प्रश्नही आहेत ("तुम्हाला नवऱ्याचा रागच येत असेल ना?"), पण ते सवयीने सुटतात, त्याचं मला एवढं टेन्शन नाही.

एम्पथीचं मात्र तुझ्याकडे मुळात आहे. बाविसाव्या मिनिटाला तू म्हणालीस, "म्हणजे सासऱ्यांना कळू नये, नवऱ्याला लागू नये, मुलीला घाबरायला नको, ह्या सगळ्यात तुम्ही किती दमलात हे कुणाला दिसतच नाहीये." हे इतकं बरोबर बसलं की ती रडली. सल्ला नाही, कौतुक नाही, तिचंच तिला परत दिलंस. पण लगेच "रडू नका, होईल सगळं नीट" करून ते पुसून टाकलंस. रडू दे की. बाकी सेशनभर "मी समजू शकते, मी समजू शकते" चालू आहे त्याचा तिला काही उपयोग झालेला दिसत नाही. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सने 1957 च्या लेखात थेरपीतून बदल घडायला लागणाऱ्या ज्या अटी मांडल्या त्यातली शेवटची हीच आहे की थेरपिस्टची समज आणि स्वीकार थोडा तरी क्लायंटपर्यंत पोचायला हवा. तुला समजलं हे पुरेसं नाही, तिला जाणवलं पाहिजे, आणि बाविसाव्या मिनिटाला ते जाणवलं.

बाउंड्री. तिने विचारलं "तुम्ही पण नवी मुंबईतच का?" आणि तू रबाळे, सेक्टर, बिल्डिंगच्या खालचं मेडिकल, सगळं सांगून मोकळी. वर "लॉकडाऊनमध्ये आमच्याकडेही ह्यांचा जॉब गेला होता" ही गोष्ट दोन मिनिटं. तुझा हेतू जवळीक साधायचा होता हे कळतंय, पण त्या दोन मिनिटांत तीच तुला धीर देत होती, "मग आता ठीक आहे ना मॅडम?" क्लायंटने आपली काळजी घ्यायला सुरुवात केली की समजायचं गाडी रुळावरून उतरली. "हो, इकडचीच आहे" एवढं पुरे होतं.

शेवटी तू स्वतःचा नंबर दिलास, "रात्री कधीही व्हॉट्सॲप करा." हे अजिबात नको. रात्री दोनला मेसेज आला आणि तू झोपलेली असलीस तर? सेंटरचा नंबर आणि वेळ द्यायची, आणि अडीअडचणीला टेलिमानस ह्या सरकारी हेल्पलाइनचा 14416, तो फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. वेळही बारा मिनिटं वर गेली. "आपल्याकडे पाच मिनिटं राहिलीत" हे सांगायला लाजायचं नाही.

एक गोष्ट राहिली, तिने सरळ विचारलं "सासऱ्यांना सांगून टाकू का?" आणि तू निर्णय दिला नाहीस, "सांगितलं तर काय होईल असं वाटतं?" म्हणून तिच्याकडेच ठेवलंस. नवीन मुलं इथे हमखास सल्ला देतात. तू नाही दिलास, शाब्बास.

पुढच्या शनिवारच्या आत एवढं कर: अकराव्या ते पंधराव्या मिनिटाचं शब्द न् शब्द लिहून काढ, तुझ्या प्रत्येक वाक्यासमोर ते तिच्यासाठी होतं की तुझ्या अस्वस्थपणासाठी हे लिही, आणि मरणाच्या विचारांबद्दलचा प्रश्न मोठ्याने म्हणून बघ, आरशासमोर, जीभ अडखळायची थांबेपर्यंत. रोल-प्ले अकरा वाजता, क्लायंट ह्या वेळी मी होणार आहे. ट्रान्सहार्बरला त्या दिवशी ब्लॉक आहे का ते आधी बघून निघ.